विश्रांती नव्हे, आजारपण: गर्भारपणातील सक्तीच्या विश्रांतीसाठी प्रसूती रजेला हात न लावता रजा मिळवण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण एका खासगी कंपनीतील महिला कर्मचाऱ्याचे आहे. त्यांचे नाव बदलून येथे वृंदा असे ठेवले आहे, आणि कंपनी, रुग्णालय व डॉक्टर यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. रजेच्या अर्जाच्या मसुद्यासाठी त्या माझ्याकडे आल्या होत्या, त्यामुळे पुढचा पत्रव्यवहार मी जवळून पाहिला. प्रकरण मातृत्व लाभ अधिनियम, 1961 अमलात असतानाचे आहे. या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, परंतु ज्या तरतुदीवर हे सारे प्रकरण उभे आहे ती संहितेच्या कलम 65 मध्येही आहे.

पार्श्वभूमी

वृंदा त्या कंपनीत चार वर्षे नोकरीला होत्या आणि हे त्यांचे पहिले बाळंतपण होते. त्यांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने त्या कर्मचारी राज्य विमा योजनेत येत नव्हत्या आणि प्रसूतीचे सर्व लाभ थेट कंपनीकडूनच मिळायचे होते. प्रसूतीची अपेक्षित तारीख 20 ऑक्टोबर होती. सप्टेंबरच्या अखेरपर्यंत काम करावे आणि 26 आठवड्यांच्या रजेतील जास्तीत जास्त काळ बाळाजवळ घालवावा, असा त्यांचा बेत होता आणि तो त्यांनी आपल्या वरिष्ठांना तोंडी सांगूनही ठेवला होता.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचे दिसले होते. अनेकदा गर्भाशय वाढते तशी वार वर सरकते, म्हणून तेव्हा केवळ लक्ष ठेवण्यास सांगितले गेले. वृंदा यांच्या बाबतीत ती सरकली नाही. 9 ऑगस्टच्या रात्री वेदना नसताना अचानक रक्तस्राव झाला, त्यांना दोन रात्री रुग्णालयात ठेवले, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली आणि 11 ऑगस्टला, म्हणजे बरोबर 30 आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, घरी सोडले. प्रवास नाही, जिने नाहीत, वजन उचलणे नाही, दिवसाचा बहुतेक वेळ पडून राहणे, आणि पुन्हा थोडाही रक्तस्राव झाला तर लगेच रुग्णालयात येणे, असा डॉक्टरांचा आदेश होता. 34 व्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी होणार होती, आणि वार तिथेच राहिली तर 37 व्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे साधारण 30 सप्टेंबरला, सिझेरियन करायचे ठरले होते.

अडचण

12 ऑगस्टला सकाळी वृंदा यांनी मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवला आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. चिठ्ठीवर एकच वाक्य होते: रुग्ण गर्भवती असून तिला चार आठवडे विश्रांतीचा सल्ला देण्यात येत आहे. दोन दिवसांनी उत्तर आले की गर्भारपणातील विश्रांतीसाठी कंपनीत वेगळी रजा नाही, तेव्हा प्रसूती रजा 12 ऑगस्टपासूनच सुरू झाली असे धरण्यात येईल.

या उत्तराचा अर्थ तारखा मांडल्यावरच कळतो. प्रसूती रजेचे 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, आणि त्यात रविवार व सुट्ट्याही धरल्या जातात. 12 ऑगस्टपासून मोजले तर रजा 9 फेब्रुवारीला संपते. 30 सप्टेंबरला बाळ झाले असते, तर त्या दिवसासह बाळाजवळ राहण्यासाठी 133 दिवस, म्हणजे 19 आठवडे उरले असते. तीच रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू झाली असती तर ती 30 मार्चपर्यंत चालली असती. फरक पूर्ण सात आठवड्यांचा होता, आणि तो केवळ रजेला कोणते नाव दिले यावर अवलंबून होता.

कंपनीच्या उत्तरात दोन चुका होत्या. पहिली कायद्याची होती. कलम 5 नुसार 26 आठवड्यांपैकी 8 आठवड्यांपेक्षा जास्त काळ अपेक्षित तारखेच्या आधी असू शकत नाही. 20 ऑक्टोबरच्या आधीचे 8 आठवडे 25 ऑगस्टला सुरू होतात, त्यामुळे 12 ऑगस्टपासून प्रसूती रजा लावणे कर्मचाऱ्याने मागितले असते तरी या कायद्याखाली बसत नव्हते. दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती आणि तिला वृंदा यांची चिठ्ठीच कारणीभूत होती. ज्या कलमाखाली त्यांना रजा मिळायची होती, त्या कलमात विश्रांती हा शब्दच नाही.

ते कलम 10 आहे. गर्भारपण, प्रसूती, मुदतपूर्व प्रसूती, गर्भपात इत्यादींमुळे उद्भवलेल्या आजाराने ग्रस्त असलेल्या स्त्रीला, विहित पुरावा सादर केल्यावर, प्रसूती रजेच्या व्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिन्याची रजा मिळते, आणि ती प्रसूती लाभाच्याच दराने पगारी असते. येथे ‘व्यतिरिक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे हा महिना 182 दिवसांतून वजा होत नाही. ‘आजार’ हा शब्दही तेवढाच महत्त्वाचा आहे. निरोगी गर्भवतीला थकवा आला म्हणून दिलेली विश्रांती या कलमात बसणार नाही. नाव असलेला आजार, तो गर्भारपणातून उद्भवला आहे हे विधान, आणि विश्रांती हा त्यावरचा उपचार आहे हे स्पष्टीकरण, अशी मांडणी लागते. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांना विश्रांती दिसली, आजार दिसला नाही, आणि निव्वळ कागदाच्या दृष्टीने ते चुकले होते असे म्हणता येत नाही.

पर्याय कसे तोलले

पहिल्या उत्तरावर वृंदा यांनी 8 आठवड्यांची मर्यादा दाखवून दिली, तेव्हा कंपनीने दुसरा प्रस्ताव दिला: 12 ते 24 ऑगस्ट शिल्लक रजा वापरावी आणि 25 ऑगस्टपासून प्रसूती रजा सुरू करावी. हा प्रस्ताव कायद्याच्या चौकटीत होता, आणि म्हणूनच अधिक फसवा होता. तो मान्य केला असता तर प्रसूती रजा 22 फेब्रुवारीला संपली असती. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कर्मचारी याच टप्प्यावर होकार देऊन मोकळ्या होतात, कारण समोरचा काही तरी देतो आहे असे वाटते आणि अंथरुणाला खिळलेल्या बाईला वाद नको असतो.

घरून काम करण्याचा पर्याय त्यांच्या वरिष्ठांनी सुचवला. वृंदा यांचे काम संगणकावरचे होते आणि पडून राहूनही दोन-तीन तास होऊ शकेल असे त्यांना स्वतःलाच वाटत होते. मी त्याविरुद्ध मत दिले. ज्या काळासाठी आपण आजाराची रजा मागतो, त्याच काळात काम केल्याची नोंद राहिली तर प्रमाणपत्राचा पायाच खचतो. शिवाय कलम 18 नुसार, मंजूर प्रसूती रजेच्या काळात कोणत्याही आस्थापनेत काम केले तर त्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो. ते कलम प्रसूती रजेपुरते आहे हे खरे, पण कायद्याचा कल त्यातून दिसतो. घरून काम करण्याची तडजोड ज्यांना करायची असेल त्यांनी ती रजेऐवजी करावी, रजेच्या आड नव्हे.

तिसरा पर्याय शिल्लक रजांचा होता. वृंदा यांच्याकडे आजारपणाच्या 7 आणि अर्जित 14 रजा होत्या. आठवड्याला पाच दिवस काम असल्याने आणि शनिवार-रविवार या रजांत मोजले जात नसल्याने, एवढ्या शिलकीवर जवळजवळ महिना निघाला असता. खरा प्रश्न क्रमाचा होता: कलम 10 चा महिना आधी वापरायचा की शिल्लक रजा आधी वापरून तो महिना राखून ठेवायचा?

राखून ठेवण्याच्या बाजूने सबळ कारण होते. बाळ मुदतीआधी जन्माला येण्याची शक्यता होती आणि कलम 10 मध्ये मुदतपूर्व प्रसूतीचाही उल्लेख आहे. पण कलम नीट वाचले तर तेथेही आजार स्त्रीचा असावा लागतो. बाळ अतिदक्षता विभागात आहे आणि आई बरी आहे, अशा स्थितीत हा महिना मिळेलच असे कलमाच्या शब्दांवरून म्हणता येत नाही. उलट आता, ऑगस्टमध्ये, आजार स्पष्ट होता, रुग्णालयात दाखल झाल्याची कागदपत्रे हातात होती आणि सोनोग्राफीचा अहवाल होता. अर्जित रजा मात्र पुढे केव्हाही, अगदी प्रसूती रजेला जोडूनही, घेता येणार होती. ज्या हक्काला पुरावा लागतो तो पुरावा ताजा असताना वापरावा आणि ज्याला पुरावा लागत नाही तो मागे ठेवावा, असे मी सुचवले, आणि वृंदा यांनी एक रात्र विचार करून ते मान्य केले. या निर्णयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण त्याची किंमत नंतर दिसली.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी प्रमाणपत्र बदलून घ्यायचे होते. डॉक्टर सुरुवातीला नाखूश होते. त्यांच्या मते चिठ्ठीत खोटे काही नव्हते, आणि रुग्णाचे निदान कंपनीला कशाला कळवायचे, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. वृंदा यांच्या पतींनी त्यांना कलमाची प्रत दाखवली आणि कलमाला आजाराचा पुरावा हवा आहे एवढेच सांगितले, तेव्हा त्यांनी नवे प्रमाणपत्र दिले. त्यात अपेक्षित तारीख, 9 ते 11 ऑगस्ट दाखल असल्याची नोंद, निदान, ही अवस्था गर्भारपणातून उद्भवलेली आहे हे वाक्य, आणि 12 ऑगस्टपासून एक महिना रुग्ण कामावर जाण्यास तसेच बसून काम करण्यास असमर्थ आहे हे विधान होते. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक होता.

‘बसून काम करण्यास’ हे शब्द मुद्दाम मागून घेतले होते. कंपनीच्या सल्लागार डॉक्टरांनी दूरध्वनीवर असा मुद्दा काढला होता की, सक्त बेड रेस्टचा सरसकट सल्ला आता वैद्यकीय संघटना देत नाहीत. हे त्यांचे म्हणणे सर्वसाधारणपणे बरोबरच आहे. दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि मुदतपूर्व प्रसूती टळते असा चांगला पुरावा नाही. पण त्या युक्तिवादाला उत्तर विश्रांतीच्या गुणवत्तेवर देण्याची गरज नव्हती. वार खाली असताना एकदा रक्तस्राव झालेल्या स्त्रीने रोज प्रवास करू नये आणि रुग्णालयापासून दूर राहू नये, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. प्रमाणपत्र विश्रांतीवर न थांबता असमर्थतेवर आले, आणि हा वाद तिथेच संपला.

20 ऑगस्टला अर्ज गेला. त्याचा गाभा असा होता:

“मला गर्भारपणातून उद्भवलेला आजार असल्याचे सोबतच्या प्रमाणपत्रावरून दिसून येईल. मातृत्व लाभ अधिनियम, 1961 च्या कलम 10 नुसार मला 12 ऑगस्ट ते 11 सप्टेंबर या एक महिन्याची, प्रसूती लाभाच्या दराने पगारी रजा मंजूर करावी. ही रजा कलम 5 व 6 खालील प्रसूती रजेच्या व्यतिरिक्त असल्याने तिचे दिवस प्रसूती रजेतून वजा करू नयेत. प्रसूती रजेची सूचना मी अद्याप दिलेली नाही. ती स्वतंत्रपणे देईन. 12 ऑगस्टच्या माझ्या ईमेलला प्रसूती रजेची सूचना समजू नये.”

शेवटची तीन वाक्ये अर्जातील सर्वांत उपयोगी वाक्ये ठरली. प्रसूती रजा आपोआप सुरू होत नाही, तिच्यासाठी कलम 6 खाली लेखी सूचना द्यावी लागते आणि त्या सूचनेत अनुपस्थिती कोणत्या तारखेपासून हे स्त्रीनेच लिहायचे असते. गर्भवती असताना सूचना दिली नसेल तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर ती देता येते, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे रजा केव्हा सुरू व्हावी हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा नव्हता. कंपनीने 12 ऑगस्टचा ईमेल हीच सूचना असल्याचे गृहीत धरले होते. ते गृहीतक वेळीच खोडले नसते तर पुढे त्यावरच भर दिला गेला असता.

एक महिना म्हणजे नेमके किती दिवस, यावर थोडी ओढाताण झाली. मनुष्यबळ विभागाने 30 दिवस धरून 10 सप्टेंबर ही तारीख लिहिली. कायद्यातील महिना हा दिनदर्शिकेचा महिना असतो, त्यामुळे 12 ऑगस्टपासूनचा महिना 11 सप्टेंबरला पूर्ण होतो. प्रश्न एकाच दिवसाचा होता, पण तो दिवस वृंदा यांच्या शिल्लक रजेतून गेला असता. तो दुरुस्त करून घेतला.

ऑगस्टचा पगार मात्र 25 तारखेला जुन्याच नोंदींवर निघाला आणि त्यात आजारपणाच्या सातही रजा खर्ची पडलेल्या दिसल्या. कंपनीने आपल्या वकिलांचे मत घेतले आणि 27 ऑगस्टला कलम 10 खालील रजा लेखी मंजूर केली. पुढच्या महिन्यात सात रजा खात्यात परत आल्या. मंजुरी आली नसती तर निरीक्षकाकडे कलम 17 खाली तक्रार करण्याचा मसुदा आम्ही तयार ठेवला होता, पण तो कंपनीला दाखवला नाही. पहिल्याच पत्रात तक्रारीची भाषा आली की मनुष्यबळ विभागातला माणूस ताबडतोब हात झटकून कागद वर सरकवतो, आणि मग जे दोन ओळींत मंजूर झाले असते त्याला दोन महिने लागतात.

या सगळ्या काळात वृंदा यांना एकदाच चूक झाली. 22 ऑगस्टला त्यांच्या गटातील एका सहकाऱ्याने अडलेल्या कामाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी कार्यालयाच्या ईमेलवरून तपशीलवार उत्तर पाठवले आणि अर्धा तास बैठकीलाही जोडल्या गेल्या. मनुष्यबळ विभागाने त्याचा उल्लेख पुढच्या संभाषणात केला, आरोपाच्या सुरात नव्हे, पण केला. त्यानंतर त्यांनी ईमेलवर रजेचा स्वयंचलित संदेश लावला आणि सहकाऱ्यांना वरिष्ठांशी बोलण्यास सांगितले.

11 सप्टेंबरनंतरची पोकळी

कलम 10 चा महिना 11 सप्टेंबरला संपत होता आणि सिझेरियन 30 सप्टेंबरला ठरले होते. 34 व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार तिथेच होती, म्हणजे कामावर परतण्याचा प्रश्न नव्हता. मधल्या 18 दिवसांत कामाचे 12 दिवस येत होते. त्यासाठी आजारपणाच्या 7 आणि अर्जित 5 रजा पुरेशा होत्या, आणि 9 अर्जित रजा शिल्लक राहिल्या असत्या.

कंपनीचे म्हणणे होते की आता तरी प्रसूती रजा सुरू करावी, कारण 12 सप्टेंबर अपेक्षित तारखेच्या आधीच्या 8 आठवड्यांत येतो. कायद्यात त्याला आडकाठी नव्हती, पण 8 आठवडे ही वरची मर्यादा आहे, बंधन नव्हे. प्रसूतीपूर्वी एकही दिवस न घेता पूर्ण 182 दिवस प्रसूतीच्या दिवसापासून घेणे कायद्याला मान्य आहे. नव्या प्रमाणपत्रासह त्यांनी आजारपणाच्या रजेचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

ज्यांच्याकडे शिल्लक रजा नसते त्यांच्यासाठी ही पोकळीच खरी अडचण असते. त्यांच्यापुढे बिनपगारी रजा किंवा प्रसूती रजा असे दोनच मार्ग उरतात, आणि कलम 10 एका महिन्यापलीकडे जात नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील स्त्रियांनाही गर्भारपणातील आजारासाठी याच धर्तीवर जास्तीत जास्त एक महिना वाढवून मिळतो, तो कंपनीऐवजी महामंडळाकडून. आदेश 24 व्या आठवड्यातच मिळाला तर एक महिना फार अपुरा पडतो, आणि त्याला कायद्यात उपाय नाही.

निष्पत्ती

ठरवल्याप्रमाणे झाले नाही. 19 सप्टेंबरच्या रात्री पुन्हा जोराचा रक्तस्राव झाला आणि 20 सप्टेंबरच्या पहाटे, 36 आठवडे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, तातडीचे सिझेरियन झाले. बाळाला श्वसनाच्या त्रासामुळे नऊ दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. वृंदा यांना रक्त द्यावे लागले, पण त्या आठवडाभरात सावरल्या.

प्रसूती रजेची सूचना 23 सप्टेंबरला दिली गेली आणि रजा 20 सप्टेंबरपासून, प्रसूतीचा दिवस धरून, मोजली गेली. ती 20 मार्चला संपली. प्रसूतीपूर्वी शिल्लक रजेतील केवळ 6 दिवस, तेही आजारपणाचे, खर्च झाले होते. 14 अर्जित रजा जशाच्या तशा होत्या आणि त्या प्रसूती रजेला जोडून घेतल्याने वृंदा 10 एप्रिलला कामावर रुजू झाल्या. कंपनीचा 25 ऑगस्टचा प्रस्ताव मान्य केला असता तर प्रसूती रजा 26 दिवस आधी संपली असती, शिवाय दोन अर्जित रजाही ऑगस्टमध्येच गेल्या असत्या.

काय वेगळे करता आले असते

पहिले आठ दिवस पूर्णपणे प्रमाणपत्राच्या शब्दांत गेले. 11 ऑगस्टला रुग्णालयातून निघतानाच पुरेसे प्रमाणपत्र घेतले असते तर कंपनीच्या पहिल्या उत्तराला जागाच राहिली नसती आणि ऑगस्टच्या पगारातील गोंधळही टळला असता. रुग्णालयातून सुटताना मिळणारा सारांश बहुतेक वेळा याहून तपशीलवार असतो. वृंदा यांच्या सारांशात निदान स्पष्ट लिहिलेले होते, पण तो खासगी कागद समजून त्यांनी जोडला नाही. निदान सर्वांना कळू नये ही त्यांची इच्छा समजण्यासारखी होती, आणि त्यासाठी तो कागद फक्त मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याच्या नावे स्वतंत्र पाठवण्याचा मार्ग होता. दुसऱ्या प्रमाणपत्राच्या वेळी आम्ही तेच केले.

दुसरी गोष्ट माझ्या सल्ल्याची आहे. कलम 10 चा महिना आधी वापरल्यामुळे प्रसूतीनंतर, बाळ अतिदक्षता विभागात असताना आणि वृंदा यांना रक्तक्षयाने उठवत नसताना, त्या कलमाखाली मागण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्या स्वतः आजारी होत्या, त्यामुळे महिना राखून ठेवला असता तर तो कदाचित मिळालाही असता. शिल्लक 21 रजा आधी वापरल्या असत्या तर 10 सप्टेंबरपर्यंतचा काळ निघाला असता, आणि कलम 10 चे केवळ नऊ दिवस प्रसूतीपूर्वी खर्च झाले असते. पण प्रसूती रजा आधीच चालू असताना तिच्या आत वेगळी आजाराची रजा मोजून नंतर जोडून देण्यास कंपनी सहज तयार झाली असती, असे मला वाटत नाही. तो वाद वृंदा यांना बाळ इवलेसे असताना लढावा लागला असता. आजही मी तोच क्रम सुचवेन, मात्र दोन्ही क्रमांची किंमत कागदावर मांडून आणि निर्णय संबंधित बाईवर सोडून. तेव्हा मी दुसरी बाजू पुरेशी मांडली नव्हती.

तिसरी बाब कंपनीच्या बाजूची आहे. तिच्या रजा प्रणालीत गर्भारपणातील आजाराच्या रजेसाठी स्वतंत्र प्रकारच नव्हता, म्हणून आलेला प्रत्येक अर्ज एक तर आजारपणाच्या किंवा प्रसूती रजेच्या खात्यात जात होता. नेमणुकीच्या वेळी प्रत्येक स्त्रीला या कायद्याखालील लाभ लेखी कळवणे 2017 च्या दुरुस्तीपासून बंधनकारक होते. वृंदा यांच्या नेमणूकपत्रासोबत तसा कागद होता, पण त्यात 26 आठवड्यांपलीकडे एका शब्दाचाही उल्लेख नव्हता. मार्चमध्ये कंपनीने प्रणालीत तो प्रकार जोडला.